अर्थिंग आहे, पण एमसीबी पडेल का?

यंत्राच्या पत्र्यात करंट उतरून कुणाला शॉक लागला की बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असतं: ‘अर्थिंग सदोष असल्याचे सांगण्यात आले.’ सदोष म्हणजे नेमकं काय, हे त्या वाक्यात कधीच नसतं. वाचणारा आपल्या बोर्डाकडे बघतो, हिरवी-पिवळी वायर जागेवर दिसते आणि तो निश्चिंत होतो.

वायरिंग तपासून त्याचा अहवाल देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि अनुभवाने सांगतो, ती वायर दिसणं आणि तिने वेळेला काम करणं यांत बरंच अंतर असतं. ते अंतर मोजता येतं. ते कसं मोजतात आणि त्यावरून आरसीडी, म्हणजे अर्थला गळणारा करंट ओळखून सर्किट तोडणारी डबी, कशी निवडतात, हे एका वर्कशॉपमधल्या एका सॉकेटच्या निमित्ताने सांगतो.

## बिघाडाचा करंट जातो कुठे?

‘करंट जमिनीत जातो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. करंटला जमिनीचं काही आकर्षण नसतं. तो ज्या ट्रान्सफॉर्मरमधून निघाला, त्याच ट्रान्सफॉर्मरकडे परत जायची वाट शोधतो. जमीन ही त्या वाटांपैकी एक, आणि बहुधा सगळ्यांत खडतर.

समजा, यंत्राच्या लोखंडी बॉडीला आतून फेजची वायर चिकटली. बॉडी जमिनीत ठोकलेल्या एका खांबाला जोडलेली आहे, आणि त्या खांबाचा मातीशी असलेला रेझिस्टन्स २० ओहम आहे. खांबाच्या मानाने हा आकडा काही वाईट नाही. आता २३० भागिले २० केलं तर करंट येतो साडेअकरा अँपिअर. वरचा एमसीबी २० अँपिअरचा आहे. त्याच्या दृष्टीने हा अगदी साधा लोड झाला, तो दिवसभर पडणार नाही. आणि तेवढा वेळ ती बॉडी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर उभी राहील.

म्हणूनच टीएन पद्धतीत खांबावर भिस्त ठेवत नाहीत. टीएन म्हणजे अशी रचना, जिच्यात ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल बिंदू अर्थ केलेला असतो आणि आपल्या यंत्रांच्या धातूच्या बॉड्या त्याच बिंदूला सलग धातूच्या वायरने जोडलेल्या असतात. परतीची वाट मातीतून नाही, तांब्यातून. तीच फेज आता बॉडीला चिकटली तर करंट ११ अँपिअर नसतो, शेकड्यांत असतो, आणि एमसीबीला त्याची दखल घ्यावीच लागते.

ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी, तिथून येणारी फेज, बोर्ड, एमसीबी, सॉकेटपर्यंतची वायर, बिघाडाची जागा, बॉडी, अर्थ वायर, बोर्डातली अर्थची पट्टी आणि पुन्हा ट्रान्सफॉर्मर, असा हा एक पूर्ण फेरा आहे. या फेऱ्यात करंटला होणारा एकूण विरोध म्हणजे अर्थ फॉल्ट लूप इम्पिडन्स. यापुढे मी त्याला नुसतं ‘लूप’ म्हणेन. त्याचे दोन तुकडे पाडून हिशेब करतात:

```
Zs = Ze + (R1 + R2)
```

`Ze` म्हणजे आपल्या बोर्डाच्या बाहेरचा भाग, जो आपल्या हातात नसतो. `R1` ही बोर्डापासून सॉकेटपर्यंतची फेज वायर, `R2` तिच्यासोबत जाणारी अर्थ वायर. दोन्ही मिळून आपल्या हातातला भाग.

## ‘करंट वाढला की एमसीबी पडतोच ना?’

पडतो, पण केव्हा, ते बघायला हवं. एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापून वाकते. ती सावकाश चालते, ओव्हरलोडसाठी आहे. दुसरी एक कॉइल, जिच्यातून पुरेसा मोठा करंट गेला की ती खटका तत्क्षणी ओढते. अर्थ फॉल्टमध्ये भरवसा या कॉइलवर असतो.

कॉइल किती करंटला ओढते, ते कर्व्हवर ठरतं. बी कर्व्हचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या ३ ते ५ पटींत, सी कर्व्ह ५ ते १० पटींत, डी कर्व्ह १० ते २० पटींत. प्रत्यक्षातला एखादा सी कर्व्ह सातपटीतही पडेल, पण तो सातपटीतच पडावा असा कुणी शब्द दिलेला नाही. खात्री फक्त वरच्या आकड्याची. म्हणजे सी-२० एमसीबी नक्की लगेच पडायला २०० अँपिअर हवेत, बी-२० ला १००.

‘लगेच’ म्हणजे किती, हेही ठरलेलं आहे. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टीएन पद्धतीत २३० व्होल्टच्या शेवटच्या सर्किटांना, म्हणजे जिथून सॉकेट किंवा थेट यंत्र चालतं त्यांना, ०.४ सेकंद मिळतात. मधल्या, बोर्डाकडून बोर्डाकडे जाणाऱ्या सर्किटांना ५ सेकंदांची सवलत आहे.

इतकी घाई का? कारण बिघाड चालू असेपर्यंत अर्थ वायर लावलेली बॉडीसुद्धा शून्य व्होल्टवर नसते. आपल्याला वाटतं, अर्थ केलं म्हणजे बॉडी थंड. पण त्याच अर्थ वायरमधून शेकडो अँपिअर धावत असतात आणि तिचाही रेझिस्टन्स असतो. खाली ज्या सॉकेटचा हिशेब देतो आहे, तिथे बिघाडाच्या क्षणी बॉडी आणि बोर्डातली अर्थची पट्टी यांच्यात सुमारे ७४ व्होल्ट येतात. अर्थ वायर व्होल्टेज कमी करते, नाहीसं करत नाही. उरलेल्या धोक्याचा बंदोबस्त वेळेने करायचा असतो.

दोन्ही गोष्टी एका ओळीत मांडल्या की झाली अट:

```
Zs × Ia ≤ U0
```

`Ia` म्हणजे एमसीबीला ०.४ सेकंदात पाडणारा करंट, `U0` म्हणजे फेज ते अर्थ व्होल्टेज. सी-२० साठी २३० भागिले २००, म्हणजे लूप १.१५ ओहमपेक्षा जास्त नको.

## ०.९७ ओहमचं सॉकेट

वर्कशॉप लहान होतं. एका भिंतीने पाच सॉकेटं गेलेली, वर सी-२० एमसीबी. शेवटच्या सॉकेटवर कॉम्प्रेसर होता आणि सुरू होताना तो जोरात करंट खेचायचा, म्हणून कुणीतरी बी कर्व्ह काढून सी लावलेला. वायर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, फेजही आणि अर्थही. बोर्डापासून शेवटच्या सॉकेटपर्यंत ४२ मीटर.

लूप टेस्टर लावला, आकडा आला ०.९७.

“एकच्या आत आहे सर, चालेल की,” वायरिंग करणारे म्हणाले. “लिमिट १.१५ ना?”

त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. नियमाची ओळ वाचली तर तसंच दिसतं. पण टेस्टरने मोजलं ते थंड वायरवर, सकाळी, सगळी यंत्रं बंद असताना. बिघाड काही आपल्या सोयीने सकाळी होत नाही. तो यंत्र तासभर चालून वायर तापल्यावर होऊ शकतो, आणि पुरवठ्याचं व्होल्टेज उतरलेलं असताना होऊ शकतो.

मग हिशेब पुन्हा केला. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला मीटरमागे ७.४१ मिलिओहम. फेज आणि अर्थ मिळून १४.८२. त्याला ४२ ने गुणलं तर ०.६२ ओहम. बाहेरचा भाग मी बोर्डावर आधीच मोजला होता, ०.३५. बेरीज ०.९७. हिशेब आणि टेस्टर जुळले, म्हणजे मधे कुठे सैल जोड नाही, हेही कळलं.

पीव्हीसी वायरला ७० अंशांपर्यंत तापायची मुभा असते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंशांना २० टक्के. ०.६२ चे झाले ०.७५. त्यात ०.३५ मिळवले की १.१० ओहम. व्होल्टेज पाच टक्के उतरलेलं धरलं तर २१८.५ व्होल्ट. भागाकार केला: १९९ अँपिअर.

एमसीबीची खात्री होती २०० ची.

एका अँपिअरने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. खरंच, प्रत्यक्षात तो एमसीबी बहुतेक पडलाही असता. पण ‘बहुतेक’ वर मी सही करू शकत नाही. आणि काठावरचं सर्किट काठावर राहत नाही. पुढे कुणी सहावं सॉकेट जोडतो, स्क्रू वर्षभरात थोडे सैलावतात, आणि ते काठापलीकडे जातं. कॉइलने खटका ओढला नाही तर काम तापणाऱ्या पट्टीकडे जातं, आणि तिला ०.४ सेकंदांचं बंधन माहीतच नसतं.

दर वेळी एवढी आकडेमोड करत बसावं लागू नये म्हणून तपासणीच्या मानकात एक सोपा उतारा आहे: थंड वायरवर मोजलेला आकडा हिशेबाच्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाच्या आत हवा. १.१५ चे दोन-तृतीयांश ०.७७. आपला ०.९७ तिथेच नापास होतो. काही देशांत याऐवजी ०.८ ने गुणायची पद्धत आहे, आणि ती आधी पाच टक्के उतरलेल्या व्होल्टेजवर काढलेल्या मर्यादेला लावतात. वाट वेगळी, हेतू एकच. या उताऱ्यात न बसलेलं सर्किट लगेच बाद होतं असंही नाही. मग वरच्यासारखा सविस्तर हिशेब करून ते टिकतं का, ते बघायचं. आपलं तिथेही टिकलं नाही.

## टेस्टरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य?

नाही. लूप टेस्टर फेज आणि अर्थच्या मधे क्षणभर एक लोड टाकतो आणि व्होल्टेज किती खाली बसतं ते बघतो. लोड मोठा असेल, वीसेक अँपिअरचा, तर व्होल्टेज चांगलं बसतं आणि आकडा भरवशाचा येतो. पण सर्किटवर आरसीडी असेल तर एवढा करंट अर्थमध्ये गेल्यावर ती तत्काळ पडते.

म्हणून टेस्टरवर ‘नो-ट्रिप’ नावाची दुसरी सोय असते. ती काही मिलिअँपिअरच्याच करंटवर मोजते. गलबल्यात कुणी कुजबुजलं तर ऐकायला कान द्यावे लागतात, तसं टेस्टरचं होतं. शेजारी एखादं मोठं यंत्र चालू-बंद झालं की आकडा हलतो. शिवाय काही आरसीडींची आतली कॉइल या छोट्या मोजणीत आपले काही दशांश ओहम मिसळते. त्यामुळे नो-ट्रिपने मर्यादेच्या जवळपास आकडा आला तर त्याच्यावर निकाल देऊ नये.

अशा वेळी माझी पद्धत जुनीच आहे. पुरवठा बंद करून, तो बंद असल्याची खात्री करून, बोर्डात त्या सर्किटची फेज आणि अर्थ एकमेकांना जोडायची आणि दुसऱ्या टोकाला सॉकेटवर लो-ओहम मीटर लावायचा. त्यातून `R1 + R2` थेट मिळतो. बाहेरचा भाग बोर्डावर, आरसीडीच्या आधी, मोठ्या करंटने मोजलेला असतोच. दोन्हींची बेरीज करायची. वेळ जास्त लागतो, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो. टेस्टरच्या लीड्सचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी वजा करून घ्यायला मात्र विसरायचं नाही. घाईत हमखास राहतं ते हेच.

आणि आकडा फक्त मर्यादेशी ताडू नये, अपेक्षेशीही ताडावा. त्याच वर्कशॉपच्या दुसऱ्या भिंतीवर तशीच वायर होती, पण बी-१६ एमसीबीखाली. त्याला मर्यादा २.८७ ओहमची, दोन-तृतीयांश १.९२. चौथ्या सॉकेटवर आकडा आला ०.८०, पाचव्यावर १.४५. पास! पण मधे वायर होती फक्त १२ मीटर, तिचे ०.१८ व्हायला हवे होते. वाढले ०.६५. जवळपास अर्धा ओहम कुठून आला? सॉकेट उघडलं तर अर्थचा स्क्रू वायरच्या तांब्यावर नाही, तिच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर आवळलेला होता. तांब्याचे दोन-तीन धागे कडेने शिवत होते तेवढेच. नुसता ‘पास’ बघून पुढे गेलो असतो तर ते तसंच राहिलं असतं.

## ‘मग सरळ आरसीडी लावून टाका ना’

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकायला मिळतो, आणि त्यात तथ्य आहे. आरसीडी म्हणजे रेसिड्युअल करंट डिव्हाइस. दुकानात आणि साइटवर आरसीसीबी म्हणतात, जुनी माणसं अजून ईएलसीबी म्हणतात. तिचं काम दुकानाच्या चोपडीसारखं आहे. फेजने किती गेला, न्यूट्रलने किती आला, याचा ती सतत मेळ घालते. मेळ बसला नाही, म्हणजे मधल्यामधे कुठेतरी करंट अर्थला गळतो आहे, की ती सर्किट तोडते. एकूण उलाढाल किती, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ती फक्त फरक बघते.

३० मिलिअँपिअरच्या आरसीडीच्या बाबतीत ०.४ सेकंदांची अट पाळायला `Ia` म्हणून पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर धरतात. २३० भागिले ०.१५ केलं तर लूपची मर्यादा येते १,५३३ ओहम. आमचा ०.९७ त्यापुढे काहीच नाही. मानकही टीएन पद्धतीत अर्थ फॉल्टपासूनच्या संरक्षणासाठी आरसीडी चालवून घेतं. कागदावर प्रश्न मिटला.

पण त्या १,५३३ चा अर्थ नीट बघा. अर्थ वायरचा जोड गंजून त्याचा २०० ओहम झाला तरी ती चाचणी पासच दाखवेल. म्हणजे आरसीडीच्या आड खराब अर्थिंग आरामात लपून बसतं. आणि आरसीडी हे हलणाऱ्या भागांचं नाजूक यंत्र आहे. धूळ, ओल, वर्षानुवर्षं न हलणं यांनी ती अडकू शकते. तिच्यावरचं ‘टी’ बटण त्यासाठीच असतं. बटण दाबून ती पडली म्हणजे तिची यंत्रणा मोकळी आहे इतकंच कळतं, तुमची अर्थ वायर शाबूत आहे की नाही, ते नाही. बटण आपली खोटी गळती आतल्या आत तयार करतं, अर्थ वायरचा त्यात संबंधच येत नाही.

शिवाय फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर चोपडीचा मेळ बरोबर बसतो, आणि आरसीडी ढिम्म राहते. ते काम एमसीबीचंच. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्या माणसालाही ती वाचवत नाही, जर तो जमिनीपासून अलग असेल.

एक गैरसमज इथेच काढतो. ३० मिलिअँपिअरची आरसीडी आहे म्हणजे शॉक ३० मिलिअँपिअरचाच बसेल, असं नाही. करंट किती जाईल ते शरीराच्या रेझिस्टन्सवर ठरतं. तो दीड-दोनशे मिलिअँपिअरही होऊ शकतो. आरसीडी त्याचं प्रमाण कमी करत नाही, मुदत कमी करते. पाचपट करंटला ती ०.०४ सेकंदात तोडायला हवी. झटका बसेलच, पण निसटता.

म्हणून माझं मत असं: आरसीडी लावावीच. ३२ अँपिअरपर्यंतच्या सर्वसाधारण वापराच्या सॉकेटांना ३० मिलिअँपिअरची आरसीडी मानकच सांगतं. पण तिच्या जिवावर लूप मोजायचं सोडू नये. आरसीडी अडकली तर एमसीबीने काम करावं, एवढी तयारी ठेवावी.

## कोणती आरसीडी?

‘३० मिलिअँपिअरची द्या’ म्हटलं की दुकानदार एक डबी पुढे करतो. पण प्रश्न तिथे संपत नाही, कारण गळतीच्या करंटचे आकार वेगवेगळे असतात. जुन्या यंत्रांत गळती झाली तर ती साध्या एसी लाटेची असायची. आता जवळजवळ प्रत्येक यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि त्याच्या आत कुठे गळलं तर लाटेचा अर्धाच भाग बाहेर येतो, किंवा सरळ डीसी मिसळतो. डीसीने आरसीडीच्या आतला लोखंडी गाभा भारून जातो आणि मग तिला खरी गळतीही दिसत नाही. यंत्रणा शाबूत, बटण चालतं, आणि तरीही आंधळी.

टाइप एसी फक्त साधी लाट ओळखते. टाइप ए अर्धी, तुटक लाटही ओळखते आणि ६ मिलिअँपिअरपर्यंतचं डीसी सहन करते. टाइप एफ एका फेजवर चालणाऱ्या इन्व्हर्टरच्या यंत्रांसाठी आहे, ज्यांच्या गळतीत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या असतात. टाइप बी शुद्ध डीसीही ओळखते. तीन फेजच्या ड्राइव्हला बहुधा ती लागते. विजेवरच्या गाडीच्या चार्जरला टाइप बी तरी हवी, नाहीतर टाइप ए आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसीवर तोडणारी वेगळी सोय. (टाइप बी आणि बी कर्व्ह यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नाव ठेवणाऱ्यांनी एवढी तरी दया दाखवायला हवी होती.)

आमचा कॉम्प्रेसर एका फेजवरचा, इन्व्हर्टरवाला निघाला. म्हणजे टाइप एफ.

दुसरा विचार रोजच्या गळतीचा. इन्व्हर्टरमधले फिल्टर काहीही बिघाड नसताना दोन-तीन मिलिअँपिअर अर्थला सोडत असतात. ३० मिलिअँपिअरची आरसीडी १५ च्या वर कुठेही पडू शकते, म्हणून नेहमीची गळती तिच्या ३० टक्क्यांच्या, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवतात. साडेतीन मिलिअँपिअरची दोन यंत्रं बसतील, तिसऱ्याला ती कुरकुरायला लागेल. सगळ्या जागेला एकच आरसीडी लावली की हेच होतं: काही नसताना पडते, आणि कंटाळून कुणीतरी तिला बायपास करतं. त्यापेक्षा प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीडी एकाच डबीत, हे मला जास्त पटतं. या सगळ्यांच्या आधी मुख्य आरसीडी हवीच असेल तर ती मोठ्या आकड्याची आणि मुद्दाम थोडी उशिरा पडणारी, ‘एस’ खूण असलेली घ्यावी, म्हणजे एका सॉकेटच्या बिघाडाने सगळीकडे अंधार होत नाही.

## ‘आरसीडी लावली, पण ती राहतच नाही’

अशा तक्रारीत अर्ध्या वेळा आरसीडी निर्दोष असते. तिच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना शिवलेले असतात. मग परतीचा थोडा करंट न्यूट्रल सोडून अर्थने जातो आणि चोपडीचा मेळ बिघडतो. ओळखण्याची खूण अशी की लोड चालू केला की पडते, आणि संशयित सर्किटचा एमसीबी बंद केला तरीही पडते. कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच राहतो. एकेक न्यूट्रल पट्टीवरून सोडवून बघावा लागतो.

याच कारणाने, जिथे न्यूट्रल आणि अर्थ एकाच वायरने आणलेले असतात, त्या टीएन-सी रचनेत आरसीडी चालतच नाही. एकदा दोन वेगळे केले की पुढे पुन्हा जोडायचे नाहीत, आणि आरसीडी त्या फाट्याच्या पुढेच बसवायची.

## त्या सॉकेटचं काय केलं?

बी-२० लावला असता तर मर्यादा २.३ ओहम झाली असती आणि लूपचा प्रश्नच उरला नसता, पण कॉम्प्रेसर सुरू होताना तो पडला असता. सी-१६ चा विचार केला. त्याच्या दोन-तृतीयांशाची मर्यादा ०.९६ येते, आणि आमचा आकडा ०.९७. हसू आलं.

शेवटी वायर बदलली. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरमागे ४.६१ मिलिओहम, फेज आणि अर्थ मिळून ४२ मीटरचे ०.३९. बाहेरचे ०.३५ धरून ०.७४, म्हणजे ०.७७ च्या आत. तापलेल्या वायरचा हिशेब केला तर २६० अँपिअरहून जास्त मिळतात. वर सी-२० चीच, टाइप एफ, ३० मिलिअँपिअरची आरसीबीओ.

पुन्हा चाचण्या केल्या, ठरलेल्या क्रमाने: आधी पुरवठा बंद ठेवून वायर सलग आहे का आणि इन्सुलेशन, मग पुरवठा चालू करून लूप, सगळ्यांत शेवटी आरसीबीओ. १५ मिलिअँपिअरला ती पडली नाही, पडायला नकोच होती. ३० ला ३१ मिलिसेकंदांत पडली, मर्यादा ३०० ची. १५० ला १९ मिलिसेकंदांत, मर्यादा ४० ची. लाटेच्या दोन्ही बाजूंनी मोजून जो आकडा वाईट आला, तोच लिहिला. नो-ट्रिपने लूप मोजला तेव्हा टेस्टर ०.८८ दाखवत होता. वायरिंगवाले माझ्याकडे बघायला लागले. बोर्डात फेज-अर्थ जोडून मोजलं, ०.३९ आला, आणि अहवालात मी ०.७४ लिहिलं, शेजारी मोजण्याची पद्धतही.